मदत हवी आहे: डिस्पेन्सरचा पुश नळ ठिबकतोय

जार उलटा ठेवायचा साधा प्लास्टिकचा डिस्पेन्सर आहे, त्याचा दाबायचा नळ एकसारखा ठिबकतोय. पाणी तोटीतूनच येतंय, नळ टाकीला बसतो तिथे बोट फिरवलं तर कोरडं, म्हणजे बाहेरचा वायसर ठीक असावा. टाकी रिकामी करून नळाची वरची टोपी फिरवून काढली तर आतल्या सिलिकॉनच्या वायसरवर गोल खाच पडलीय आणि तो टेकतो तिथे पांढरा क्षार, आमच्याकडचं पाणी जडच आहे. व्हिनेगरने क्षार काढला, ठिबकणं कमी झालं पण थांबलं नाही.

आता हा वायसर सुटा मिळतो का की अख्खा नळच घ्यायचा? नळ बदलायचा तर टाकीच्या आतला नट प्लास्टिकचाय, हाताने आवळून पुरेल का पाना लावू? तडा जायची भीती वाटते. आणि आटे जुळायला जुना नळ दुकानात न्यावाच लागेल ना?