मदत हवी आहे: कॅलिब्रेशन सर्टिफिकेटचं थाई भाषांतर परत आलं, आकडे तर सगळे तेच आहेत

चाकणचा_क्यूए
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. आमच्या गेजेसबरोबर दोन कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं रयोंगच्या प्लांटला पाठवली. तिथल्या लोकांनी थाई प्रत मागितली म्हणून एका भाषांतरकाराकडून करून घेतली. काल दोन्ही परत आली. मेलमध्ये एकच ओळ आहे, 'अनसर्टन्टी मान्य नाही'. मी तक्त्यातले आकडे मूळ प्रतीशी तीन वेळा ताडून पाहिले, एकही बदललेला नाही. लॅब एनएबीएलची आहे. मग अमान्य काय? परवा दुपारपर्यंत नवीन प्रत द्यायची आहे. थाई जाणणारं कुणी आहे का इथे?

निर्यातवाला_सांगली
मी हळद पाठवतो तेव्हा भाषांतरावर नोटरीचा शिक्का आणि मग वकिलातीचा शिक्का लागतो. नोटरी नसेल तर परत येणारच. आधी नोटरी करा.

चाकणचा_क्यूए
दादा, हळद नाही ही. त्यांनी शिक्का मागितलेलाच नाही.

मापनकाका
कुठलं उपकरण, किती रेंज, अनसर्टन्टी किती आणि कुठल्या एककात, k किती, मूळ फाइल वर्डची की पीडीएफ? यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही. तेहतीस वर्षं मेट्रॉलॉजीत काढली, पण न पाहिलेलं सर्टिफिकेट मला वाचता येत नाही. मूळ प्रतीतली एक ओळ आणि थाई प्रतीतली तीच ओळ इथे टाका.

रोहन_इन्स्ट्रुमेंट
काका, एवढं कशाला? अनसर्टन्टीचं वाक्य ठरलेलं असतं. k म्हणजे २, विश्वासपातळी ९५ टक्के. थाईत तेवढं एकदा बसवलं की प्रत्येक सर्टिफिकेटला चालतं. मी हिंदी प्रतींना हेच करतो.

मापनकाका
रोहन, बहुतेक वेळा k दोन असतो हे बरोबर. नेहमी असतो हे चूक. ज्या दिवशी तो दोन नसतो, त्या दिवशी तुझं ठरलेलं वाक्य खोटं सर्टिफिकेट बनवतं.

चाकणचा_क्यूए
घ्या. पहिलं मायक्रोमीटर, ०–२५, लीस्ट काउंट एक मायक्रॉन. दुसरं टॉर्क रेंच. लॅबने वर्ड फाइल दिली होती, भाषांतरकाराने त्यातच थाई टाकलं. मायक्रोमीटरची शेवटची ओळ, आधी मूळ, मग थाई प्रतीतली:

```
25.000   25.001   ± 1.2 µm
25.000   25.001   ± 1.2 mm
```

अरे बापरे. आत्ता टाइप करताना दिसलं.

मापनकाका
दिसलं ना. रयोंगच्या माणसाने काय वाचलं? ज्या मायक्रोमीटरला ४ मायक्रॉनची चूक माफ आहे, त्याची अनसर्टन्टी १.२ मिलिमीटर. हजारपट. त्याने परत पाठवलं यात त्याची काही चूक नाही.

आता हे झालं कसं ते ऐका, नाहीतर पुन्हा होईल. जुन्या टेंप्लेटमध्ये µ असा टाइप केलेला नसतो. साधा m टाइप करून त्या एका अक्षराला सिम्बॉल फाँट लावलेला असतो, आणि त्या फाँटमध्ये m चा आकार µ दिसतो. भाषांतरकार सगळा मजकूर निवडून थाई फाँट लावतो, की खरं अक्षर उघडं पडतं आणि µm चं mm होतं. मूळ फाइलमधली ती ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे mm दिसलं तर रोग लॅबच्या टेंप्लेटमध्येच आहे.

चाकणचा_क्यूए
केलं. mm च दिसतंय. म्हणजे भाषांतरकाराला मी उगाच बोललो.

सई_चोनबुरी
मी चोनबुरीत सात वर्षं आहे, सप्लायर क्वालिटीत. इथे रोज असली प्रमाणपत्रं हाताळते. दोन गोष्टी सांगते.

एककं थाई अक्षरांत लिहूच नका. µm, N·m हे जसंच्या तसं ठेवा. थाईत उपकरणाला 'मायक्रोमितर' आणि एककाला 'मायक्रोमेत' म्हणतात, घाईत वाचणारा एकाऐवजी दुसरं वाचतो. आकडेही थाई अंकांत नकोत. सरकारी पत्रांत थाई अंक असतात म्हणून काही भाषांतरकार आदराने तेच वापरतात. मोजमापाच्या तक्त्यात मात्र साधे 0 ते 9 च हवेत.

दुसरं, 'अनसर्टन्टी'ला तुमच्या प्रतीत कुठला शब्द आहे? 'क्वाम माय नॅनॉन' हवा. 'क्वाम क्लात क्लुअन' असेल तर तो त्रुटीचा शब्द आहे. मराठीत अनिश्चितता आणि त्रुटी यांत जेवढा फरक, तेवढाच तिथे. तक्त्यात त्रुटीचा वेगळा रकाना असतो, दोन्हींना एकच शब्द दिला की कुठली संख्या कशाची ते कळेनासं होतं.

चाकणचा_क्यूए
ताई, मला थाई वाचता येत नाही, पण दोन्ही रकान्यांच्या डोक्यावर एकसारखीच अक्षरं दिसतायत.

सई_चोनबुरी
मग तेही दुरुस्त करायचंय. विस्तारित अनिश्चितता म्हणजे 'क्वाम माय नॅनॉन कयाय'. k ला 'तुआ प्रकॉप क्रॉप क्लुम', पण k हे अक्षर शेजारी ठेवाच.

ग्रेप_प्रेमी
हाताने ताडता कशाला? दोन्ही फाइली टेक्स्टमध्ये सेव्ह करा आणि हे चालवा:

```
grep -oE '[0-9]+([.,][0-9]+)*' mool.txt > a.txt
grep -oE '[0-9]+([.,][0-9]+)*' thai.txt > b.txt
diff a.txt b.txt
```

मूळ प्रतीत आणि भाषांतरात जो आकडा वेगळा, तो लगेच बाहेर. २५.००० चं २५ झालं तरी पकडतं. एक्सेल मागची शून्यं खातं म्हणून हे फार उपयोगी.

मापनकाका
चांगलं साधन आहे, पण यांची चूक याने सापडली असती का? दोन्हीकडे 1.2 आहे, diff गप्पच बसला असता. आकड्यापुढचं एकक तुमच्या ओळीत येत नाही.

ग्रेप_प्रेमी
मान्य. एकक जोडून शोधायला हवं. पण आकड्यांसाठी तरी चालवून पाहा.

चाकणचा_क्यूए
चालवलं. मायक्रोमीटरला फक्त तारखा वेगळ्या. टॉर्क रेंचला तीन फरक निघाले. तारखेतलं 2025 चं 2568 झालंय. सर्टिफिकेट क्रमांकात 2025 आहे, तिथेही 2568. आणि तळटीपेत 2.28 चं 2.00. मी फक्त तक्ता ताडला होता, तळटीप पाहिलीच नव्हती.

सई_चोनबुरी
तारखेचं समजू शकते, थाई सन आपल्यापेक्षा ५४३ ने पुढे असतो. सरसकट बदल दिला की क्रमांकही बदलतो, आणि त्या क्रमांकाचं सर्टिफिकेट लॅबच्या नोंदीत सापडणारच नाही. माझ्या मते तारीख मूळ ठेवावी आणि हवं तर शेजारी थाई सन लिहावा. क्रमांकाला हात लावायचा नाही.

रोहन_इन्स्ट्रुमेंट
2.28 हा लॅबचाच टायपो असणार. बाकी सगळीकडे दोन असेल. भाषांतरकाराने दुरुस्त केलं म्हणायचं.

मापनकाका
टायपो नाही रे. क्यूए साहेब, त्या बिंदूची पूर्ण ओळ द्या.

चाकणचा_क्यूए
60 N·m च्या बिंदूला ± 0.91 N·m, k = 2.28. बाकीच्या बिंदूंना k = 2.00. भाषांतरकाराला विचारलं. तो म्हणतो, 'एकाच कागदावर दोन k दिसले, मला चूक वाटली, म्हणून सारखे केले.'

मापनकाका
पाच-सहाच वाचनं घेतली, त्यांत विखुरणं जास्त निघालं आणि तोच अनिश्चिततेचा मोठा हिस्सा ठरला, की लॅब दोनवर थांबू शकत नाही. थोड्या वाचनांवर भरवसा कमी, म्हणून गुणक वाढवावा लागतो. ९५.४५ टक्के धरले तर परिणामी स्वातंत्र्यमात्रा १० असताना तो 2.28 येतो, २० असताना 2.13, आणि मोठ्या संख्येला 2.00 कडे जातो. म्हणजे तुमच्या लॅबने इथे काळजीपूर्वक काम केलंय.

आता बदल केल्याने काय बिघडतं ते पाहा. घेणारा माणूस आपल्या हिशेबात ० पूर्णांक ९१ ला k ने भागून मूळ प्रमाण अनिश्चितता काढतो.

```
u = U / k
0.91 / 2.28 = 0.40
0.91 / 2.00 = 0.46
```

मूळचं 0.40 भाषांतरात 0.46 झालं. उलट कुणी शहाणपणाने U ही सारखा करायचा म्हणून 0.80 लिहिलं, तर त्या पट्ट्यात ९५ टक्के उरत नाहीत, ९३ च्या आसपास राहतात. भाषांतरकाराला शंका आली हे चांगलं झालं. शंका त्याने लॅबला विचारायची असते, कागदावर मिटवायची नसते.

रोहन_इन्स्ट्रुमेंट
ठीक, हे मला माहीत नव्हतं. पण ९५ टक्के की ९५.४५? थाई प्रतीत काय लिहायचं? 95 लिहिलं तर 2.28 च्या हिशेबाशी जुळत नाही.

सई_चोनबुरी
मूळ प्रतीत 'सुमारे ९५' असेल तर थाईतही 'प्रमान' हा शब्द ९५ च्या आधी हवा. आपल्याच 'प्रमाण'चं ते रूप, पण तिथे त्याचा अर्थ 'सुमारे'. भाषांतरकार बहुतेक वेळा तो शब्द गाळतात. मूळ प्रतीत ९५.४५ असेल तर ९५.४५. आपण ठरवायचं नाही.

वैशाली_दस्तऐवज
मला वेगळंच विचारायचंय. थाई प्रतीवर एनएबीएलचं चिन्ह ठेवलंय का? आणि सही कुणाची?

चाकणचा_क्यूए
ठेवलंय. लॅबच्या वर्ड फाइलमध्ये होतं, तसंच राहिलं. सहीसुद्धा, चित्र म्हणून.

मापनकाका
ते काढा. आजच. त्या कागदावर मान्यताप्राप्त लॅबने न पाहिलेले शब्द आहेत आणि खाली तिचीच सही. सर्टिफिकेट लॅबच्या संमतीशिवाय अपुरं छापू नये, असं बहुतेक लॅबांच्या तळटीपेत लिहिलेलं असतं. लॅबला विचारा, तीच द्विभाषिक प्रत काढेल का? नाही म्हटलं तर भाषांतर सरळ वेगळा कागद म्हणून द्या. वर स्पष्ट लिहा की हे भाषांतर आहे, मूळ इंग्रजी प्रत ग्राह्य, आणि मूळ पीडीएफ जोडा.

निर्यातवाला_सांगली
पाहा, शेवटी नोटरीचाच विषय आला ना. भाषांतर वेगळा कागद असेल तर कुणीतरी खरं म्हणायला हवं.

वैशाली_दस्तऐवज
सांगलीकर, नोटरी सही खरी आहे हे सांगेल. 2.28 चं 2.00 झालं हे नोटरीला कळणार नाही.

सई_चोनबुरी
अजून एक. 'पुढील कॅलिब्रेशनची तारीख' असेल तर ती थाईत 'वान मोत आयु' लिहू नका, तो खाद्यपदार्थाच्या डब्यावरचा मुदत संपण्याचा शब्द आहे. मी मूळ सर्टिफिकेटात ती तारीखच नको म्हणते.

रोहन_इन्स्ट्रुमेंट
ग्राहकाला ती हवीच असते ताई, आम्ही नेहमी छापतो.

मापनकाका
ग्राहकाशी आधी ठरलं असेल तर छापता येते. ठरलं नसेल तर लॅबने अंतर सुचवायचं नसतं. यांचं काय ठरलं होतं ते यांनी सांगावं.

चाकणचा_क्यूए
ते आमच्या खरेदी विभागाला विचारावं लागेल, उद्या सांगतो.

आत्तापर्यंतची स्थिती: लॅबने टेंप्लेटमध्ये µ नीट टाइप करून नवी फाइल दिली, नोटपॅडमध्ये आता µm च दिसतंय. 2.28 बरोबर आहे हे त्यांनी फोनवर सांगितलं. लेखी मागितलंय. दोन्ही रकान्यांचे शब्द सईताईंनी दिल्याप्रमाणे भाषांतरकाराला पाठवले. सही आणि चिन्ह काढलं. द्विभाषिक प्रत लॅब देणार की नाही, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

सई_चोनबुरी
नवीन प्रत आली की पाठवण्याआधी फक्त तळटीप मला दाखवा. तक्ता तुम्ही तीनदा पाहालच.