ऑफिसने सांत्वनाचे मेसेज पाठवणं बंद करावं

गोरेगावकर
टीममधल्या एका मुलाची आई रविवारी गेली. सोमवारी सकाळी मॅनेजरने टीमच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या आणि दुपारपर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. तो स्मशानातून नुकता घरी आलेला, आणि फोन वाजतोच आहे. त्याच्या आईचं नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे की ऑफिसने हे मेसेज पाठवूच नयेत. ज्याला खरंच वाटतं तो घरी जाईल किंवा फोन करेल. बाकीच्यांनी गप्प बसावं.

मुलुंडची विद्या
वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. गप्प बसायचा सल्ला कृपया कुणी पाळू नका. मी बरीच वर्षं टीम सांभाळतेय. घरात मृत्यू झाल्यावर परत आलेली माणसं मेसेजच्या भाषेबद्दल क्वचितच तक्रार करतात. शेजारच्या टेबलावरचा माणूस एक शब्दही बोलला नाही, ही तक्रार मात्र मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे.

तुमच्या मॅनेजरचं चुकलं ते सगळं ग्रुपवर उरकण्यात. खरं तर दोन मेसेज लागतात. पहिला मॅनेजरचा, एकट्या त्या माणसाला, कळल्या दिवशीच. आणि टीमला सांगण्याआधी विचारायचं, की सांगू का, आणि किती सांगू. काही मृत्यू असे असतात की घरच्यांना त्याबद्दल चारचौघांत बोलणं नको असतं. हे त्याला स्वतःला विचारायची गरज नाही. ज्याने आपल्याला कळवलं त्या भावाला किंवा मित्राला विचारलं तरी पुरतं.

आमच्याकडे मार्चच्या मध्यात एका मुलाचे वडील गेले. अकाउंट्सची टीम, वर्षअखेर तोंडावर, आणि दर महिन्याच्या ३बी रिटर्नसकट जीएसटीचं सगळं काम त्याच्याकडे. मी त्याला लिहिलं ते नावं बदलून देते:

"अमित, बाबांचं आत्ताच कळलं. फार वाईट वाटलं. त्यांच्या रेल्वेतल्या नोकरीच्या गोष्टी तू जेवताना सांगायचास, त्या सगळ्या आठवल्या. फेब्रुवारीचं ३बी २० तारखेच्या आत नीलेश भरेल, त्याच्याकडे फाइल आहे. ऑडिटरांशी मी बोलते. तेराव्यापर्यंतची रजा मी टाकली आहे, तू काही भरू नकोस. ह्याला उत्तर देऊ नकोस."

एवढंच. ह्यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ३बीचं आहे. लोकांना ते कोरडं वाटतं, पण बाप गेलेला माणूस रात्री जागा असतो तेव्हा त्याच्या डोक्यात हेही येतं की २० तारीख चुकली तर काय. "काही लागलं तर सांग" लिहिलं की काय लागेल हे शोधून मागायचं काम पुन्हा त्याच्यावरच पडतं, आणि कुणीही मागत नाही. म्हणून कोणतं काम कुणी घेतलं ते नाव घेऊन लिहायचं. शेवटची ओळ अशासाठी, की आपली माणसं भिडस्त असतात, अशा वेळीही एकेकाला आभार लिहीत बसतात.

दुसरा मेसेज टीमचा. दोन-तीन दिवसांनी, एकच, आणि खाली सगळ्यांची नावं. जे त्या व्यक्तीला भेटले होते त्यांनी एकेक ओळ लिहावी. जे भेटले नव्हते त्यांनी नुसतं नाव दिलं तरी चालतं, उगाच आठवणी रचू नयेत. आणि "वय झालं होतं, सुटल्या" हे घरच्यांनी म्हणावं, बाहेरच्यांनी नाही.

काळाचौकीचा संतोष
माझे वडील गिरणीत होते. आजोबा गेले तेव्हा खात्यातली माणसं तिरडी बांधायला हजर होती, पाळी सोडून आलेली. कुणी काही लिहिलं नव्हतं. गोरेगावकरांशी सहमत. दारात यायला जमत नाही त्यांनी मोबाइलवरून दुःख पाठवू नये.

मुलुंडची विद्या
संतोषदादा, ती माणसं त्याच चाळीत नाहीतर पुढच्या गल्लीत राहायची. माझ्या टीममध्ये एकजण विरारला, एक पनवेलला, दोघं पुण्यातून घरूनच काम करतात. पनवेलहून विरारला जाऊन यायचं तर अख्खा दिवस जातो, आणि अंत्यविधी काही तासांत होतो. ज्याला जमेल त्याने जावंच. मेसेज न जाणाऱ्यांसाठी आहे.

चेंबूरहून सुजाता
विद्याताई, तुमच्या मेसेजमधलं "तेराव्यापर्यंत" मला खटकलं. आई गेली तेव्हा माझ्या ऑफिसमधून आलेल्या मेलमध्ये "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो" होतं. आम्ही बौद्ध आहोत. आमच्याकडे जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. माझ्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो आहे, जयंतीला मी सगळ्यांना पेढे वाटते, आणि तरीही कुणाच्या मनात आलं नाही. त्या मेलखाली तेवीस नावं होती. त्यातल्या एकानेही थांबून विचार केला नव्हता हेच मला त्यातून कळलं. "आदरांजली" लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

वसईचा पीटर
आमच्याकडेही हाच अनुभव. पप्पांच्या वेळी विचारणा झाली, दहावा कुठे करताय. आमचा मिस्सा आणि दफनविधी दुसऱ्याच दिवशी झाला होता. मुसलमान सहकाऱ्याकडे तर बहुतेक वेळा त्याच दिवशी दफन होतं, म्हणजे तुमचा मेसेज पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

मुलुंडची विद्या
सुजाताताई, अमितच्या घरी तेरावा होणार हे मला त्याच्या भावाने सांगितलं होतं, म्हणून लिहिलं. पण कुणी माझा मेसेज उचलून नाव बदलून पाठवला तर तुमच्यासारखाच त्रास दुसऱ्याला होईल, हे खरं. घरी कोणते विधी आहेत ते माहीत नसेल तर विधींचा आणि देवाचा उल्लेखच करू नये. गेलेल्या माणसाबद्दल लिहावं.

डोंबिवलीकर_सून
इथे सगळे मेसेजच्या भाषेवर बोलताय. "रजा मी टाकली आहे" असं लिहायला आधी रजा असावी लागते. माझे सासरे गेले. शेवटचं आजारपण मी काढलं, त्यांचं पथ्यपाणी, डायपर, रात्रीची औषधं, सगळं. मॅनेजरचा मेसेज इतका सुंदर होता की नणंदेने वाचून दाखवायला लावला. तिसऱ्या दिवशी एचआरची मेल: पॉलिसीत आईवडील, जोडीदार आणि मुलं एवढंच बसतं, सासरे बसत नाहीत, आणि तरी मृत्यूचा दाखला जोडा. माझ्या नवऱ्याला त्याच माणसासाठी त्याच्या कंपनीने पगारी रजा दिली. मला बिनपगारी. त्या सुंदर मेसेजचं मी काय करू?

ॲड_होऊ_घातलेला
कंपनीला कोर्टात खेचा. कायद्याने मृत्यूनंतर तेरा दिवसांची भरपगारी रजा द्यावीच लागते.

पवईचा एचआर
असा कुठलाही कायदा नाही, कृपया लोकांना भलत्या भरवशावर ठेवू नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ठराविक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत, आणि त्याही तिमाहीप्रमाणे जमा होतात. शिवाय कमावलेली रजा. शोकासाठी वेगळी रजा त्यात नाही. जी मिळते ती कंपनीच्या धोरणातून, म्हणून कुठे तीन दिवस, कुठे पाच, कुठे काहीच नाही. घरात कोण धरायचं हेही धोरणच ठरवतं.

दाखल्याबद्दल: मागावा लागतो. एकाच आजीला दोनदा गेलेली दाखवणारे लोक मी पाहिले आहेत.

डोंबिवलीकर_सून
म्हणजे कुणीतरी खोटं बोललं म्हणून मी सासऱ्यांच्या तिसऱ्या दिवशी कागद शोधत फिरायचं? मृत्यूची नोंद करायलाच कायदा २१ दिवस देतो आणि तुम्हाला तिसऱ्या दिवशी दाखला हवा! पालिकेच्या ऑफिसात किती फेऱ्या होतात ते कधी बघितलंय? तुम्ही स्वतः कुणाचं करून बघितलंय का कधी?

पवईचा एचआर
वैयक्तिक होऊ नका. माझी आई कोविडमध्ये गेली, मला तिचा चेहराही बघता आला नाही. मला नियम शिकवू नका.

काळाचौकीचा संतोष
झालं. मेसेजवरून दाखल्यावर आणि दाखल्यावरून भांडणावर. ह्यासाठीच म्हणतो, ऑफिसला घरात घेऊ नका.

डोंबिवलीकर_सून
आईबद्दल वाईट वाटलं. खरंच. माझा राग तुमच्यावर नव्हता, त्या मेलवर आहे. पण मग तुम्हालाच विचारते, ती मेल तिसऱ्या दिवशी जाणं गरजेचं होतं का?

पवईचा एचआर
नव्हतं. पगाराची तारीख जवळ आली की आमची यंत्रणा आपोआप आठवण पाठवते, कुणी हाताने लिहीत नाही. मॅनेजरने एक फोन केला तर आम्ही नोंद थांबवतो आणि दाखला माणूस परतल्यावर घेतो. मेडिक्लेममधून सासऱ्यांचं नाव काढायलाही तो लागतोच, तेव्हा एकदाच घेता येतो. सासऱ्यांना यादीत घ्यायचा अधिकार मात्र माझ्या हातात नाही. मी मागच्या वर्षी लिहून दिलंय, वरून उत्तर आलेलं नाही.

मुलुंडची विद्या
हा फोन मॅनेजरने मेसेज पाठवण्याआधी करायचा. मी तो करते. रजा कुठली, किती, दाखला कधी, हे एचआरशी ठरवून मगच "रजा टाकली आहे" लिहिते. धोरणात सासरे बसत नसतील तर निदान कमावलेल्या रजेतून धरून पगार कापला जाणार नाही एवढं बघता येतं, आणि तेही तिच्या आधी आपण विचारायचं. तसं न करता छान मेसेज लिहिला की डोंबिवलीच्या ताईंसारखं होतं.

गोरेगावकर
बरं. मेसेज बंद करा म्हणालो तेवढं कडक म्हणत नाही. मॅनेजरने एकट्याला लिहावं, कामाचं बघावं, ठीक. पण टीमचा तो सह्यांचा मेसेज मला अजूनही पटत नाही. सुजाताताईंची तेवीस नावं वाचून तर अजिबातच नाही.

चेंबूरहून सुजाता
माझ्यावर ढकलू नका. नावं नकोत असं मी म्हटलेलं नाही. त्या तेवीसांपैकी एकीने नंतर वेगळं लिहिलं होतं, की तुझी आई ऑफिसच्या गेटवर तुला डबा द्यायला यायची, मी रोज बघायचे. मला हे माहीतही नव्हतं की कुणी बघतं. ते वाक्य त्या मेलमध्ये असतं तर मी ती मेल ठेवली असती.

गोरेगावकर
ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. उद्या त्या मुलाच्या घरी जातोय. त्याच्या आईला प्रत्यक्ष भेटलेलं टीममध्ये कुणी आहे का, ते आज विचारतो.

डोंबिवलीकर_सून
आणि पवईकर, वरून उत्तर आलं तर इथे लिहा.