मदत हवी आहे: लोगोचा एकरंगी शिक्का करताना अक्षरांची पोटं भरताहेत

आमच्या बचत गटाचा ३० मिमीचा गोल रबरी शिक्का करायचा आहे. लोगो म्हणजे लाल पणती, पिवळी ज्योत आणि भोवती बारीक अक्षरांत नाव. मूळ फाइल हरवली, हाती फक्त ४०० पिक्सेलची जेपीजी आहे.

गिम्पमध्ये थ्रेशोल्ड १२७ ठेवला तर ज्योतच गायब होते, कारण पिवळा रंग फार उजळ. २२५ वर नेला की ज्योत येते, पण ‘ळ’ आणि ‘क’ची पोटं काळी भरतात. मग फक्त निळं चॅनल घेऊन पाहिलं. त्यात पिवळं गडद होतं, पण ज्योत आणि पणती मिळून एकच डाग झाला! कडांचं मात्र जमलंय: चित्र चौपट मोठं केलं, ३ पिक्सेल ब्लर दिला आणि मग थ्रेशोल्ड लावला, तेव्हा पायऱ्या गेल्या.

शिक्केवाले दादा म्हणतात, ०.३ मिमीपेक्षा बारीक रेघ किंवा फट नको. माझ्या १६०० पिक्सेलच्या चित्रात ते साधारण १६ पिक्सेल होतात, आणि ‘ळ’चं पोट जेमतेम ९ भरतं.

ज्योत-पणतीमध्ये पांढरी फट हातानेच कोरावी का? किती रुंद? आणि अक्षरं पुसून जाड फॉन्टमध्ये नव्याने टाइप करू, की नाव थोडक्यात लिहू? कुणी असा शिक्का केला असेल तर कृपया सांगा.