लेगिंग रिस्क: ‘एकपायी जोखीम’ म्हणावं का?

परभणीकर
ऑप्शनवरचा एक मजकूर मराठीत लिहितोय आणि ‘लेगिंग रिस्क’वर गाडी अडकली आहे. एक ऑप्शन घ्यायचा आणि दुसरा विकायचा असा दोन पायांचा स्प्रेड एकेक पाय करून घेतला, तर पहिला सौदा झाल्यावर दुसरा होईपर्यंत भाव हलू शकतो, ती ही जोखीम. मी ‘एकपायी जोखीम’ लिहिलंय. माझा भाऊ म्हणतो, ‘पाय’ काढ, ‘बाजू’ कर. पण बाजारात सगळे ‘लेग’च म्हणतात, मग पायाला काय झालं? शिवाय दोन्ही पाय एकाच ऑर्डरमध्ये पाठवतात, त्याला काय म्हणायचं?

मोंढा, लातूर
तुम्ही लॅगिंगच म्हणूलालाव ना? मोबाइलवर भाव मागून येतो, आपण बटण दाबेपर्यंत गेलेला असतो. आमच्याकडं त्याला ‘शिळा भाव’ म्हणतात. सोयाबीनचे वायदे चालू होते तवा मोंढ्यात रोजचं रडगाणं होतं ते. डिसेंबर 2021 ला वायदेच बंद केले, रडगाणं बी बंद.

परभणीकर
मामा, ते लॅगिंग. हे लेगिंग, लेग म्हणजे पाय. ‘शिळा भाव’ मात्र लिहून ठेवतो.

अंबाजोगाई
शब्द माहीत नव्हता, पण झटका खाल्लाय. निफ्टीचा लॉट 75 चा होता तेव्हाची गोष्ट. निफ्टी 24,500 च्या आसपास. 24,500 चा कॉल 150 ला घ्यायचा आणि 24,700 चा 70 ला विकायचा, म्हणजे 80 रुपयांत स्प्रेड, असं ठरवलं होतं. पहिला 150 ला मिळाला. दुसऱ्याला 70 ची लिमिट लावून बसले, तेवढ्यात निफ्टी साठेक पॉइंट घसरला. 24,700 चा कॉल 54 वर आला आणि माझा 150 चा 122 वर. शेवटी 54 ला विकला. म्हणजे 28 रुपये, 75 च्या लॉटवर 2,100, या लेगिंगनेच खाल्ले ना?

नांदेड, जुना डीलर
नाही ताई, सगळे नाही. दोन्ही पाय एकाच क्षणी मिळाले असते असं धरा. स्प्रेड 80 ला घेतला असता आणि घसरणीनंतर त्याची किंमत 122 वजा 54, म्हणजे 68 झाली असती. हे 12 रुपये तुमचा अंदाज चुकला म्हणून गेले, ते कुठल्याही ऑर्डरने वाचले नसते. तुम्हाला स्प्रेड पडला 150 वजा 54, म्हणजे 96 ला. 80 आणि 96 मधले 16 रुपये, लॉटमागे 1,200, एवढाच लेगिंगचा खर्च.

आणि हे 1,200 त्या दिवसापुरते नाहीत. जास्तीत जास्त नफा 9,000 चा 7,800 झाला, जास्तीत जास्त तोटा 6,000 चा 7,200, आणि नफा-तोट्याची रेघ 24,580 वरून 24,596 वर सरकली. शब्द निवडताना हे धरा. जोखीम ‘एक पाय वाईट’ ही नाही, ‘दुसऱ्या पायाचा भाव अजून ठरायचाय’ ही आहे.

संभाजीनगर, आयटीवाला
म्हणूनच बास्केट ऑर्डर वापरायची. दोन्ही पाय एका क्लिकवर. विषय संपला. मराठीत ‘टोपली ऑर्डर’ म्हणा हवं तर.

नांदेड, जुना डीलर
टोपली छान, पण विषय संपत नाही. बहुतेक ब्रोकरांची बास्केट म्हणजे एका क्लिकवर सुटणाऱ्या वेगवेगळ्या ऑर्डरी. त्या एकामागून एक एक्सचेंजला जातात. एक भरते, दुसरी लिमिटवर लटकते किंवा मार्जिनपायी रिजेक्ट होते. खात्री करायची तर ऑर्डरबुक उघडा. प्रत्येक पायाला स्वतःचा ऑर्डर क्रमांक आणि स्वतःची वेळ दिसली, तर ती एकत्र ऑर्डर नव्हे. मधलं अंतर सेकंदावर येतं, म्हणून जोखीम घटते. जात नाही.

खरी एकत्र ऑर्डर वेगळी. एनएसईच्या टर्मिनलवर दोन आणि तीन पायांची ऑर्डर टाकता येते, पण ती आयओसी असते. त्या क्षणी जेवढं जुळलं तेवढं, उरलेलं रद्द. तिथं थांबून वाट बघणं नाही.

संभाजीनगर, आयटीवाला
बरं, हे माहीत नव्हतं. आमचा एक क्लायंट शिकागोचा आहे. त्यांच्याकडे सीबो या ऑप्शनच्या एक्सचेंजवर स्प्रेडची ऑर्डर निव्वळ भावाने लावतात, ‘80 ला द्या’ अशी. कोणता पाय कितीला याच्याशी देणंघेणं नाही, आणि 80 ला जुळेपर्यंत ती तशीच पुस्तकात थांबते. मला वाटलं आपल्याकडेही तसंच असेल.

अंबाजोगाई
मग 80 ला जुळलंच नाही तर?

नांदेड, जुना डीलर
तर हात रिकामे. एकत्र ऑर्डरीत वाईट भाव मिळत नाही, पण सौदाच न होण्याची जोखीम असते. एकेक पायात सौदा होतो, भावाची खात्री नसते.

दुसरं असं की लेगिंग मुद्दाम करणारेही असतात. कॉल घेतला, निफ्टी चढला, मग वरचा 70 ऐवजी 88 ला विकला, स्प्रेड 62 ला पडला. त्याला हुशारी म्हणतात, घसरला की नशीब म्हणतात. खरं तर मधल्या वेळात तो माणूस स्प्रेडमध्ये नसतोच, नुसता कॉल घेऊन बसलेला असतो.

अंबाजोगाई
मग आधी कोणता पाय टाकायचा?

नांदेड, जुना डीलर
बाजारात जुनी रीत अशी, की ज्या पायात गिऱ्हाईक कमी तो आधी, सावकाश लिमिट लावून. गर्दीचा पाय केव्हाही मिळतो. पण आपल्याकडे मार्जिन आडवं येतं. विक्री आधी केली तर उघड्या विक्रीचं पूर्ण मार्जिन लागतं आणि तोट्याला वर मर्यादा राहत नाही. म्हणून छोटा माणूस खरेदी आधी करतो, तिथे फार तर प्रीमियम जातो. आता शेअरच्या ऑप्शनमध्ये दूरच्या स्ट्राइकला घेणारा 8 आणि विकणारा 14 म्हणत असेल, आणि तोच तुमचा विकायचा पाय असेल, तर दोन्ही नियम एकमेकांच्या विरोधात जातात. याला माझ्याकडे उत्तर नाही. मी असा स्प्रेड घेतच नाही.

मोंढा, लातूर
आता कळलं. हाळीच्या बाजारात देवणीची जोडी घ्यायची, पण एकाच बैलाचा विसार दिला. जोडीदार बघेपर्यंत त्याच्या मालकानं भाव वाढवला, कारण त्याला दिसलं की हे अडलंय. हे तेच की! ‘जोडतूट’ म्हणा. तूट म्हणजे घाटा बी आणि तुटणं बी.

नांदेड, जुना डीलर
मामा, शब्द गोड आहे, पण तुटायला जोड आधी झालेली लागते. इथं ती व्हायचीच असते. आणि निफ्टीच्या बाजारात समोरच्याला तुम्ही अडलात हे कळत नाही. भाव आपल्या कारणाने हलतो.

मोंढा, लातूर
मग ‘अधजोडी’. विसार दिलेला एक बैल घरी, दुसरा बाजारात.

परभणीकर
‘अधजोडी’त मधला काळ दिसतो, तो माझ्या ‘एकपायी’त दिसत नव्हता. पण ‘अधजोडीची जोखीम’ पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळेल का? एकत्र पाठवायच्या ऑर्डरीला मात्र ‘जोडऑर्डर’ पक्कं करतो, आणि बास्केटला जोडऑर्डर म्हणणार नाही.

अंबाजोगाई
माझी त्या दिवसाची ऑर्डरबुक काढून बघितली. दोन सौद्यांत 11 मिनिटांचं अंतर आहे. मला वाटत होतं दोनेक मिनिटं गेली असतील.