मदत हवी आहे: चौघांचे सहा लाख, तीन कल्पना, आणि प्रत्येकाची आवड वेगळी

कृष्णाकाठचा_कारकून

नमस्कार मंडळी. आम्ही कराडचे चार शाळासोबती. प्रत्येकी दीड लाख काढून सहा लाख उभे केलेत. कर्ज काढायचं नाही, यावर चौघांचंही एकमत आहे. बाकी कशावरच नाही.

नावं नकोत, कामावरून सांगतो. एक वायरमन, एक मैत्रीण घरून तीसेक डबे देते, एक औषध कंपनीत एमआर, आणि मी पतसंस्थेत कारकून. वायरमनला लग्नाच्या सजावटीचं सामान घेऊन भाड्यानं द्यायचंय. मैत्रिणीला कॉलेजजवळ नाश्त्याचा गाडा टाकायचाय. एमआर लाकडी घाण्याच्या शेंगतेलावर अडून बसलाय. मला कशाचीच विशेष आवड नाही, म्हणून तुलना करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी एक तक्ता केला. भांडवल, नफा, धोका, आवड, कौशल्य अशा पाच रकान्यांत प्रत्येकानं प्रत्येक कल्पनेला दहापैकी गुण द्यायचे. बेरीज केली तर घाणा 138, गाडा 136, सजावट 135. दोनशेपैकी. दोन रविवार आणि तीन किलो भजी यात गेली, हाती काही नाही. तक्ता कुठे चुकतोय? की असल्या गोष्टींची तुलना होतच नसते?

संध्या_सांगली

छान उपक्रम! आमची बारा जणींची भिशी नऊ वर्षं चालू आहे. दर महिन्याला चिठ्ठी काढायची, ज्याचा नंबर लागेल त्यानं पैसे घेऊन आपापला धंदा करायचा. भांडण नाही, तंटा नाही. तुम्हीही तसंच करा की.

कृष्णाकाठचा_कारकून

ताई, आम्हाला एकत्र मिळून एकच धंदा करायचाय, भिशी नाही. पण तुमची सूचना मैत्रिणीला सांगितली तर ती पहिली चिठ्ठी स्वतःचीच काढेल!

घाणेवाले_काका

मी अकरा वर्षं घाणा चालवतोय, त्यामुळे माझं मत घाण्याकडे झुकणार असं वाटेल. तसं नाही, पुढे वाचा.

तुमच्या तक्त्यात सगळी आवडच भरली आहे, फक्त तिला आकडे लावलेत. एमआरनं 'नफा' या रकान्यात घाण्याला नऊ दिले असतील आणि वायरमननं पाच. त्या नऊ आणि पाचच्या मागे एकही पावती नाही. गुण देणं बंद करा. तिन्ही कल्पनांना तेच तीन प्रश्न विचारा आणि उत्तर रुपयांत किंवा माणसांत घ्या. रोज तिथे उभं कोण राहणार आणि त्याची मजुरी किती? ती मजुरी धरून खर्च भागायला किती गिऱ्हाईक लागेल? आणि वर्षभरानं बंद केलं तर सहा लाखांतले किती परत हातात येतील?

घाण्याचे तुमचे आकडे टाका, मांडून दाखवतो.

कृष्णाकाठचा_कारकून

काका, एमआरनं आणलेले आकडे असे. मशीन, गाळ्याचं डिपॉझिट, पहिला माल आणि बाटल्या धरून 4 लाख 20 हजार. गाळाभाडं महिना 9 हजार. शेंगदाणे 120 रुपये किलो, तेल 320 रुपये लिटरनं विकायचं, पेंड 40 रुपये किलोनं जाते. घाणा दिवसाला शंभर किलो दाणे काढतो. तो म्हणतो, दिवसाला चार हजार सुटतात, महिन्याला लाखाच्या वर.

घाणेवाले_काका

दिवसाचे चार हजार खोटे नाहीत, पण ते मशीन किती गाळतं याचं उत्तर आहे. गाव किती घेतं ते त्यात नाही.

शंभर किलो चांगल्या दाण्याचं लाकडी घाण्यावर साधारण चाळीस किलो तेल निघतं. दाणा ओलसर किंवा जुना असला की उतारा लगेच घसरतो. चाळीस किलो म्हणजे 44 लिटर, कारण तेल पाण्याहून हलकं. त्याचे 14,080 आले. पंचावन्न किलो पेंडीचे 2,200. दाण्याचे 12 हजार गेले. बाटल्या आणि वीज मिळून 640 धरा. उरले 3,640, म्हणजे लिटरमागे 83 रुपये.

आता महिन्याचा खर्च. भाडं 9 हजार, हाताखालचा पोरगा 13 हजार, किरकोळ 3 हजार. आणि तुमच्यातला जो रोज तिथे असेल त्याची मजुरी. ती 18 हजार धरतो, कारण तो दुसरीकडे गेला तर तेवढे सहज कमवेल. सगळे मिळून 43 हजार. त्याला 83 नं भागा, 518 लिटर आले. चार माणसांचं घर महिन्याला तीन लिटर शेंगतेल नेतं असं धरलं, तर पावणेदोनशे घरं तुमच्याकडे कायमची बांधलेली हवीत. तिथपर्यंत चौघांना नफा शून्य.

सुरुवातीला चाळीसच घरं मिळाली तर? 120 लिटर, दहा हजार सुटले, 33 हजार खिशातून. मशीन-माल वजा जाता तुमच्याकडे 1 लाख 80 हजार उरतात. ते साडेपाच महिने पुरतील. म्हणून एमआरला 'नफा किती' हे विचारू नका. साडेपाच महिन्यांत पावणेदोनशे घरं कुठून आणणार, हे विचारा.

पुणेरी_पोळी

काकांनी मजुरीचं म्हटलं ते सोन्यासारखं आहे. आमच्या पुण्यातल्या तिघांच्या किचनचं नेमकं तिथेच फाटलं. मी रोज बारा तास ओट्याशी, बाकीचे दोघं रविवारी 'काय म्हणतंय' विचारायला यायचे, आणि महिनाअखेरीस नफ्याचे तीन सारखे भाग. आठव्या महिन्यात एकानं मला विचारलं, तू पगार कसला मागतेस, मालक आहेस ना? त्या दिवसापासून आमचं बोलणं नाही. कढया अजून माझ्या माळ्यावर आहेत.

वकीली_नको

सगळ्यात आधी भागीदारी रजिस्टर करा. न केलेली भागीदारी बेकायदेशीर असते, पोलिस केस होऊ शकते.

निबंधक_कार्यालयाबाहेर

पोलिस केस वगैरे काही नाही हो. 1932 च्या भागीदारी कायद्यात नोंदणी सक्तीची नाही. पण न केल्याचा तोटा खरा आहे. उधारी थकवणाऱ्या गिऱ्हाइकावर फर्मला दावा लावता येत नाही, आणि करारातल्या हक्कासाठी एका भागीदारालाही दुसऱ्यावर किंवा फर्मवर दावा लावता येत नाही. त्यामुळे करा, पण घाबरून नको.

वरच्या पोळीताईंच्या गोष्टीला त्याच कायद्याचा आधार आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. करारात काही लिहिलं नसेल तर नफा-तोटा सगळ्यांत सारखा आणि काम करणाऱ्या भागीदाराला पगार मागायचा हक्क नाही. म्हणजे तुमच्यातला घाण्यावर उभा राहणारा आणि एमआर, दोघे सारखेच. हे बदलायचं असेल तर कागदावर घ्यावं लागतं. आणि धंद्याचं देणं फर्मच्या पैशातून भागलं नाही तर ते चौघांच्या घरापर्यंत येतं, फक्त दीड लाखापुरतं राहत नाही.

कृष्णाकाठचा_कारकून

काकांच्या प्रश्नांनी काल रात्री चांगलीच शोभा झाली. 'रोज उभं कोण राहणार' विचारल्यावर एमआर म्हणाला, नोकरी सोडणार नाही, संध्याकाळी येऊन जाईन. म्हणजे कल्पना त्याची आणि तास दुसऱ्याचे. वायरमन म्हणाला, मी राहतो, पण मला मशीन सुधरवायला आवडतं, बाटल्या विकायला नाही. कुणी भाव केला की त्याचं डोकं फिरतं, हे आम्हाला दहावीपासून माहीत आहे.

गाड्याचं गणित मी काकांच्या पद्धतीनं केलं. सगळं मिळून 1 लाख 10 हजारांत उभा राहतो. पोहे आणि चहा मिळून 35 रुपये, त्यात 19 सुटतात. हाताखालचा माणूस, जागा आणि मैत्रिणीची 20 हजार मजुरी धरून महिना 36 हजार. म्हणजे 26 दिवसांच्या हिशेबानं रोज 73 माणसं हवीत. आजच तिचे तीस डबे जातात, त्यामुळे 73 ऐकून ती अजिबात घाबरली नाही. पण मग राहिलेल्या पावणेपाच-पाच लाखांचं काय करायचं? आणि आम्ही बाकीचे तिघे तिथे काय करणार?

घाणेवाले_काका

पैसे आहेत म्हणून ते लावलेच पाहिजेत असं कुणी सांगितलं? बँकेत राहू देत. कॉलेजला सुट्टी लागली की 73 चे वीस होतील, तेव्हा तेच पैसे लागतील. तिच्या हिशेबात मे महिना वेगळा मांडलाय का बघा.

मांडववाला_पाटण

सजावटीचं कुणी बोललंच नाही. मी त्याच धंद्यात आहे. कमाई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि आषाढीला थांबते. चातुर्मासात गोदामाचं भाडं मात्र चालूच. वायरमनला सांगा, एका सजावटीत पंधरा हजार सुटतील, पण मांडव रात्री दोनला उतरवायचा असतो आणि सकाळी सातला त्याला कुणाच्या तरी घरी वायरिंगला जायचं असतं. शिवाय फॅशन बदलते. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या माझ्या पडद्यांना आज कुणी निम्म्यानंही विचारत नाही. सामान दुसऱ्याकडून भाड्यानं आणून चार-पाच ऑर्डरी करून बघ म्हणावं, मग ठरव.

तेलातून_बाहेर

काकांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. माझा घाणा चौदा महिन्यांत बंद केला. मशीन दोन लाखांचं घेतलं होतं, विकताना एक लाख दहा हजार आले. बाटल्या आणि लेबलं रद्दीत गेली. तेल चांगलं होतं हो. लोक पहिली बाटली कौतुकानं नेतात. दुसऱ्या महिन्यात पिशवीतल्या तेलाचा भाव बघतात.

घाणेवाले_काका

त्यासाठीच मशीन घ्यायच्या आधी शंभर किलो दाणे घ्या आणि कुणाच्या तरी घाण्यावर मजुरीनं गाळून घ्या. गाळ तीन दिवस बसू द्या, नाहीतर बाटलीच्या बुडाशी साका दिसतो आणि गिऱ्हाईक भेसळ म्हणतं. विक्रीसाठी खाद्यपदार्थांची नोंदणी तेवढी आधी करून घ्या. मग 44 लिटर 44 घरांत एकेक लिटर द्या, पूर्ण भावानं. ओळखीच्यांना स्वस्तात दिलंत तर काहीच कळणार नाही. महिन्यानं पुन्हा फोन करू नका. आपणहून किती जणांनी मागितलं ते मोजा. एमआरला दारोदार फिरायची सवय आहे, हे काम त्याचंच.

कृष्णाकाठचा_कारकून

हे पटलं. तिघांनाही आपापली चाचणी दिली आहे, प्रत्येकी वीस हजारांच्या आत. मैत्रीण पंधरा दिवस भाड्याचा गाडा लावणार, एमआर तेल विकणार, वायरमन दोन साखरपुडे करणार. तो अजून जरा रुसलेला आहे, पण साखरपुडे त्यानं स्वतःच शोधले.

एक मात्र सुटलं नाही. गाडा चालला तर मैत्रिणीला मजुरी 20 हजार, ती आधी निघणार, हे चौघांनी मान्य केलं. पण ती म्हणते, हाताची चव माझी, मग उरलेल्या नफ्यातही चौथा हिस्सा का? एमआर म्हणतो, पैसे सारखे तर हिस्सा सारखा. करारात हे कुणी कसं लिहिलंय?

पुणेरी_पोळी

हे आम्ही लिहिलंच नव्हतं. कुणी लिहिलं असेल तर मलाही वाचायचंय.

निबंधक_कार्यालयाबाहेर

मी दोन्ही प्रकारचे करार पाहिलेत. काही जण पहिल्या वर्षी सारखा हिस्सा ठेवतात आणि वर्षानं बदलायचं कलम घालतात. काही जण सुरुवातीलाच काम करणाऱ्याला जास्त देतात. कुठलं टिकतं ते माणसांवर आहे. तिला विचारा, तोटा झाला तर त्यातही जास्त हिस्सा घेशील का? उत्तर काय येतंय ते इथे लिहा.