बाळाला कडक ताप, मग अंगभर पुरळ आणि मधेच फिट: तुमचे अनुभव लिहा

सावनी: लेक अकरा महिन्यांची. ताप चढल्याच्या पहिल्याच दिवशी १०४, आणि मला कळायच्या आत डोळे वर फिरवले, हातपाय ताठ, मग झटके. दोनेक मिनिटांत थांबलं पण मला वाटलं संपलं सगळं. पुढे तीन दिवस ताप, ना सर्दी ना खोकला, औषधाने जरा उतरला की खेळायची पण. मग ताप एकदम गेला आणि पोटा-पाठीवर गुलाबी ठिपके आले. तेव्हा डॉक्टर म्हणाले रोझिओला. फिट का आली असेल? तुमच्याकडे काय झालं?

नेहा_पी: आमच्याकडे फिट नाही आली पण ॲन्टिबायोटिक चालू असतानाच पुरळ आलं, झालं, सगळ्यांनी ठरवलं ॲलर्जी! फाइलवरही लिहिलं गेलं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी क्रम विचारला, ताप आधी गेला की पुरळ आधी आलं, आणि ते खोडलं. व्हायरसवर ते औषध चालतच नाही म्हणे.

रघू: साधं आहे, ताप मेंदूत चढतो. दर चार तासांनी पॅरासिटामॉल देत राहायचं, फिट येतच नाही.

डॉ. मधुरा (बालरोग): रघू, अर्धं बरोबर. या वयातला मेंदू तापाला लवकर बिथरतो, काही घराण्यांत ही प्रवृत्ती असतेच. पण वेळेवर पॅरासिटामॉल दिल्याने फिट टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही, ते बाळाला बरं वाटावं म्हणून आणि वजनावरच्या डोसनेच द्यायचं. रोझिओलात फिट जास्त दिसतात, कारण ताप खूप चढतो, वय नेमकं सहा महिने ते दोन वर्षं, आणि हा व्हायरस (एचएचव्ही-६) मेंदूपर्यंतही पोचू शकतो. ताप झपाट्याने चढल्याने फिट येते की किती चढला त्यावर, यावर अजून एकमत नाही. बऱ्याचदा फिट पहिल्याच दिवशी येते, पुरळाचा पत्ता नसतो, म्हणून तेव्हा कुणी रोझिओला म्हणू शकत नाही आणि मेनिंजायटिस नाही ना हे बघावं लागतं, वर्षाच्या आतल्या बाळात तर जास्तच.

पिंटूची_मावशी: आमच्या भाच्याला उन्हात खाज येऊन पुरळ येतं, ताप नसतो, हेच का?

नेहा_पी: नाही हो मावशी, ते वेगळं. यात खाज नसते सहसा आणि ताप उतरल्यावरच पुरळ येतं. गोवरात पुरळ येताना ताप असतोच.

सावनी: परत येईल का? माझ्या भावालाही लहानपणी यायची.

डॉ. मधुरा (बालरोग): साधारण तिघांत एकाला पुढच्या कुठल्यातरी तापात परत येते. वय वर्षाच्या आत आणि घरात इतिहास, म्हणजे तुमच्याकडे शक्यता जरा जास्तच. आली तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर अँब्युलन्स. थांबली तरी पोर सुस्तच राहिलं, मान ताठ वाटली किंवा दाबून न जाणारे जांभळे डाग दिसले तर लगेच हॉस्पिटल.

रघू: मग थंड पाण्याने अंघोळ?

डॉ. मधुरा (बालरोग): नको, कुडकुडतात पोरं.