मदत हवी आहे: हाडांची आठवड्याची गोळी घेतल्यावर आईच्या छातीत जळजळ, रविवारची गोळी द्यावी का?

गुलमोहोर

आईचं वय ६८. दिवाळीआधी न्हाणीघरात पाय घसरला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायला सांगितली. मणक्याचा टी-स्कोर उणे २.९ आला, म्हणजे हाडं ठिसूळ झालीयत, म्हणून अलेन्ड्रोनेट ७० ची गोळी सुरू केली, आठवड्यातून एकदा, दर रविवारी. चिठ्ठीवर लिहिलंय: 'सकाळी उपाशीपोटी, भरपूर पाण्यासोबत, अर्धा तास आडवं व्हायचं नाही.' बाहेर इतकी गर्दी होती की यापेक्षा जास्त काही विचारता आलं नाही.

तीन गोळ्या झाल्या. पहिल्या दोन वेळा काहीच त्रास नव्हता. गेल्या रविवारी मात्र दुपारपासून छातीच्या मधोमध जळजळ सुरू झाली आणि घास गिळताना तिथेच दुखतं म्हणाली. आज गुरुवार आहे, जळजळ थोडी कमी आहे, पण भाकरीचा तुकडा उतरताना अजून कळतो. तिचं म्हणणं, आदल्या रात्रीच्या मिसळीचं पित्त आहे.

शिवाय तिला थायरॉईडची गोळीही उपाशीपोटी असते. रविवारी आधी कुठली द्यायची? आणि 'आडवं व्हायचं नाही' म्हणजे उभंच राहायचं का? मनगटापाठोपाठ तिची कंबरही कुरकुरते, अर्धा तास उभी राहणं तिला अवघड आहे.

सदाफुली

ताई, काळजी करू नका. माझ्या सासूबाई गेली चार वर्षं घेतायत. रात्री जेवण झालं की पाण्यासोबत घेतात आणि झोपतात, कधी काही झालं नाही. उपाशीपोटी घेतली की ॲसिडिटी होणारच.

गुलमोहोर

सदाफुली, त्यांचीही आठवड्यातून एकदाच असते का?

सदाफुली

नाही, रोज. कॅल्शियमची, मोठी पांढरी गोळी.

औषधपेटी

मग ती वेगळी गोळी. कॅल्शियम जेवणानंतर घेतात ते बरोबरच आहे. गुलमोहोर विचारतायत ती गोळी जेवणानंतर घेऊन झोपणं मात्र अगदी उलटं होईल.

मी २२ वर्षं इस्पितळातल्या औषध विभागात काम केलं. गुलमोहोर, सगळ्यात आधी हे: गिळताना दुखतंय म्हणताय ना, तर डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत या रविवारची गोळी देऊ नका. एक आठवडा चुकल्याने हाडांचं काही बिघडत नाही, हे औषध हाडात फार काळ टिकून राहतं. पण अन्ननलिका आधीच सोलवटलेली असताना त्यावर दुसरी गोळी गेली तर जखम होऊ शकते. उद्याच फोन करा. दुखणं वाढलं, घास अडकायला लागला, उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर फोनची वाट न बघता थेट इस्पितळात न्या.

आता मला तीन गोष्टी सांगा. पाणी किती आणि कशातून पिते? गोळीनंतरच्या अर्ध्या तासात काय करते? गोळीबरोबर दुसरं काही घेते का?

माळीबुवा

अर्धा तास ताठ बसायला सांगतात ते औषध नीट हाडांत उतरावं म्हणून. आडवं झालं की पोटातच पडून राहतं. आणि जळजळीला साधा उपाय, गोळीवर अर्धा कप थंड दूध द्या. आमच्याकडे कुठल्याही गरम औषधावर दूध देतात.

गुलमोहोर

औषधपेटी, तुमचे प्रश्न घेऊन आईजवळ बसले आणि चकितच झाले.

पाणी ती फुलपात्रातून पिते, तेही वरून, भांड्याला ओठ न लावता. गोळी टाकायची, दोन घोट, की झालं. गोळीनंतर देवापुढे दिवा लावते, वाकून नमस्कार करते. गेल्या रविवारी थंडी होती म्हणून पुन्हा पांघरुणात शिरली. 'झोपले नाही गं, नुसती पडले होते,' म्हणाली.

तिसरं असं की, पहिल्या दोन रविवारी गोळी दुधासोबत घेतली होती. तिला व्हिटॅमिन डीची ६०,००० ची पुडीही आठवड्यातून एकदाच आहे. पुडी दुधातून घ्यायला सांगितली होती. दोन्ही आठवड्याच्या, म्हणून तिने दोन्ही एकत्रच उरकल्या. गेल्या रविवारी दूध नासलं होतं म्हणून गोळी पाण्यासोबत घेतली.

म्हणजे दुधासोबत त्रास झाला नाही आणि पाण्यासोबत झाला. मग माळीबुवा म्हणतात तसं दूधच बरं का?

औषधपेटी

नाही. दुधासोबत त्रास झाला नाही हे खरं, पण त्या दोन गोळ्यांचा उपयोगही जवळजवळ झाला नसणार. हे औषध कॅल्शियमला चिकटतं, म्हणून तर ते हाडात जाऊन बसतं. पोटातच दूध मिळालं तर तिथेच चिकटतं आणि शरीराबाहेर पडतं. अगदी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्यासोबत घेतली तरी शंभरातला एक भागसुद्धा रक्तात उतरत नाही, इतकं ते नाजूक काम आहे. काळी कॉफी किंवा संत्र्याचा रस घेतला तर त्यातलंही निम्म्याहून जास्त वाया जातं. दुधाच्या चहाबद्दल तर बोलायलाच नको.

माळीबुवांनी दोन गोष्टींची गल्लत केली आहे, आणि ती घरोघरी होते. उपाशीपोटी आणि पुढे अर्धा तास काही न खाणं, हे औषध अंगी लागावं म्हणून. भरपूर पाणी आणि आडवं न होणं, हे अन्ननलिका वाचवण्यासाठी. गोळी नळीच्या आतल्या कातडीला चिकटून विरघळली तर तिथे भाजल्यासारखं होतं. पाण्याने ती खाली पोटात ढकलायची असते. आडवं झालं किंवा खाली वाकलं की पोटातलं पाणी, आंबट रस आणि त्यात विरघळलेलं औषध वर येऊ शकतं. गेल्या रविवारी दोन घोट पाणी आणि वर पांघरूण, दोन्ही एकत्र झालं. पाणी दोषी नाही, पाणी कमी पडलं. अर्थात मिसळीनेही भर घातली असेल, ते इथे बसून सांगता येणार नाही.

गुलमोहोर

आता कुठे डोक्यात उजेड पडला. मग पुढे गोळी सुरू ठेवा म्हणाले तर सकाळ नेमकी कशी बसवू? तिचा दिवस साडेपाचला सुरू होतो आणि चहाशिवाय ती बोलत नाही.

औषधपेटी

डॉक्टरांनी परत सुरू करायला सांगितलं तरच, असं धरून लिहितो.

साडेपाचला उठून दात घासू दे, पूर्ण जागी होऊ दे. अंथरुणात बसून गोळी नको. पहाटे लघवीला उठल्यावर घेऊन परत झोपणं तर अजिबातच नको. आदल्या रात्री २०० मिलिचा पेला मोजून भरून ठेवा. घरातलं फुलपात्र एकदा औषधाच्या मापाने मोजून बघा, बहुतेक निम्मंच निघेल. पाणी साधं, पिण्याचं. बाटलीतलं खनिजयुक्त पाणी नको.

पावणेसहाला सरळ पाठीच्या खुर्चीवर बसवा. आधी एक घोट पाणी, घसा ओला व्हावा म्हणून. मग गोळी, आणि भांडं तोंडाला लावून सबंध पेला संपवायचा. वरून पिताना मान मागे जाते आणि घोटही लहान पडतात, म्हणून त्या दिवशी उष्टं झालं तरी चालेल म्हणावं. गोळी चावायची नाही, चघळायची नाही, तुकडा करायचा नाही. तोंडही येऊ शकतं.

मग सव्वासहापर्यंत कंबरेपासून वर सरळ. उभंच राहायला हवं असं नाही. खुर्चीत बसली, गॅलरीत फिरली, निवडत बसली, सगळं चालेल. आरामखुर्चीत रेलणं आणि वाकून झाडणं नको. देवाला त्या वेळी उभ्यानेच हात जोडू दे.

थायरॉईडची गोळी साधारण अशी बसवतात: आधी हाडांची, अर्ध्या तासाने थायरॉईडची, आणि त्यानंतर अर्धा ते एक तासाने चहा. म्हणजे रविवारचा चहा सातच्या आसपास. काही डॉक्टर थायरॉईडची गोळी रात्री हलवतात. आपल्या मनाने हलवू नका, विचारून घ्या. काहीतरी खाऊन होईपर्यंत आडवं व्हायचं नाही हेही लक्षात असू दे, नुसता अर्धा तास संपला म्हणून पडायचं नाही.

आणि पुडीचा वार बदला. पुडी बुधवारी दुधातून, गोळी रविवारी पाण्यासोबत. कॅल्शियमची गोळी असेल तर दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर.

माळीबुवा

दुधाचं माझं चुकलं, मान्य. पण एक विचारतो. गोळी छातीत अडकल्यासारखी वाटली तर केळं खाऊन ढकलायची नाही का? आम्ही तर तेच करतो.

औषधपेटी

त्या क्षणी आणखी एक पेला साधं पाणी. केळं खाल्लं तर त्या आठवड्याची गोळी फुकट जाईल, त्यापलीकडे मोठं काही नाही. ओकारी मात्र मुद्दाम काढायची नाही, वर येताना ती पुन्हा भाजते. पाणी पिऊनही अडकल्याची भावना गेली नाही तर डॉक्टर.

रानजाई

आमच्या वडिलांना पाठीला बाक आहे, सरळ बसवतच नाही. त्यांना या गोळीऐवजी वर्षातून एकदा शिरेतून सलाईन देतात, झोलेड्रोनिक ॲसिड. पहिल्या वेळी दोन दिवस ताप आणि अंगदुखी होती, दुसऱ्या वेळी जवळजवळ नाही. देण्याआधी रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासलं होतं. गुलमोहोर, गोळी नाहीच जमली तर हे विचारून बघा.

गुलमोहोर

शनिवारी डॉक्टरांशी बोलले. गोळी थांबवायला सांगितली. दोन आठवडे पित्ताचं औषध, तरी गिळताना दुखलं तर दुर्बिणीने आतून बघू म्हणाले. दुधाचं सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला, आणि पुडीचा वार स्वतः चिठ्ठीवर लिहून दिला. पुढे गोळीच द्यायची की रानजाई म्हणतात ते सलाईन, हे नंतर ठरवू म्हणाले. क्रिएटिनिन उद्या करतोय.

आईला फुलपात्र मोजून दाखवलं. ११० मिली भरलं, तेही काठोकाठ. 'मी तर दोन घोटच प्यायचे,' एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. तिची चूक नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

अजून एक राहिलं. तिची एक दाढ हलते, काढायची आहे. ती आता काढून घ्यावी की औषध सुरू झाल्यावर?

औषधपेटी

आता थांबलाच आहात तर दाताच्या आणि हाडांच्या, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं सांगून आधी दाढ उरकून घेणं मला बरं वाटतं. या औषधावर असताना दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरून येणं फार क्वचित होतं, पण होतं. किती दिवसांनी औषध सुरू करायचं ते जखम कशी भरते ते बघून तेच ठरवतील.

सदाफुली

सासूबाईंची गोळी आत्ता बघून आले. कॅल्शियमचीच आहे. पण त्याच डब्यात एक चार गोळ्यांची पट्टी सापडली, त्यावर अलेन्ड्रोनेटच लिहिलंय, एक गोळी कमी आहे. त्या म्हणतात ती कधी घेतली आठवत नाही. ही कुणी लिहून दिली होती ते आता शोधते.